हॉस्टेलच्या नोटिशीचं मराठी : कामाच्या नोंदी

९ जून, सोमवार

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका मुलींच्या हॉस्टेलचं काम आलंय. इंग्रजी नियमावली दोन पानांची, कलमं १४. वॉर्डन मॅडम म्हणाल्या सगळी नकोत, भेटीच्या वेळा आणि रजेची परवानगी एवढंच आधी करा, कारण भांडणं होतात ती त्यावरूनच. म्हणजे कलम ४ ते ९. ॲडमिशनच्या दिवशी पालकांच्या हातात द्यायचं, सही घ्यायची आणि एक कॉपी गेटवर लावायची. ॲडमिशन ५ जुलैला, तर वेळ आहे तसा.

कोकणी का नाही असं मी विचारलं, कारण येणारे बहुतेक आईवडील घरात कोकणीच बोलतात. मॅडम म्हणाल्या बोलतात हो, पण पेपर मराठी वाचतात, शाळा मराठीतून झालेली, अर्ज मराठीतच लिहून आणतात. सत्तरी, डिचोली, पेडणे इथले जास्त, थोडे दोडामार्ग आणि सावंतवाडीकडचे, दोन-तीन बेळगावचे. माझ्या आईचं पण तेच आहे, बोलणार कोकणी आणि किराण्याची यादी मराठीत.

जुनी एक मराठी चिठ्ठी पण मिळाली, चार-पाच वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत केलेली. तिचं शीर्षकच ‘वसतिगृह सोडण्याची परवानगी’. लीव्ह म्हणजे सोडणे, झालं. मेट्रन सांगत होत्या की एक बाप ही चिठ्ठी हातात घेऊन ऑफिसात आला आणि विचारायला लागला की मुलीने काय केलं म्हणून तिला काढताय. हसायला आलं, पण त्या माणसाचा पहाटे उठून दोन बस बदलून आलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि हसू गेलं.

११ जून, बुधवार

पहिला कच्चा खर्डा झाला. शब्द ठरवताना फार डोकं नाही चालवलं, जे तिथे बोलतात तेच घेतलं. वसतिगृह हा शब्द सगळ्यांना कळतो पण म्हणत कोणीच नाही, म्हणून शीर्षकात एकदा वसतिगृह आणि आत सगळीकडे हॉस्टेल. वॉर्डन, गेट, रजिस्टर तसेच. ‘अभ्यागत’ काढून टाकला, ‘भेटायला येणारे’ लिहिलं. ‘प्रतिस्वाक्षरी’ पण काढला, ‘खाली वॉर्डनची सही’ पुरे.

रजा की सुट्टी यावर मात्र जरा अडले. सुट्टी म्हणजे कॉलेज बंद असतं ती, सगळ्यांना मिळते, मागायची नसते. रजा मागायची असते आणि कोणीतरी द्यायची असते. इथे मागायचीच आहे, म्हणून रजा. नोकरीतला शब्द आहे खरा, पण शाळेत सुद्धा आपण ‘रजेचा अर्ज’ लिहायचो की. ठेवला.

नोटीस लिहिताना क्रियापदं ‘केले, द्यावे, यावे’ अशीच ठेवणार, ‘केलं, द्यावं’ नाही. मी इथे बोलते तसं टाइप करतेय ते वेगळं, पण गेटवरच्या कागदावर ‘यावं’ लिहिलं तर तो कागद कोणी सिरियसली घेत नाही असं माझं मत आहे. आणि हो, विद्यार्थिनी! थि ऱ्हस्व. जुन्या चिठ्ठीत सात ठिकाणी ‘विद्यार्थीनी’ होतं. तसं मी पुढे बहुतेक ठिकाणी ‘मुलगी’ च करून टाकलं, ‘आपली पाल्य’ हे मला लिहवेना.

१३ जून, शुक्रवार

आज खर्डा घेऊन हॉस्टेलच्या मेसमध्ये गेले. स्वयंपाकाच्या मावशींची स्वतःची मुलगी दुसऱ्या हॉस्टेलला आहे, म्हणजे त्या पण पालकच. त्यांना म्हटलं मोठ्याने वाचा आणि प्रत्येक कलमानंतर मला सांगा की तुम्ही काय कराल. कळलं का असं विचारायचं नाही हे मी मागच्या एका कामात शिकले, कळलं का विचारलं की सगळे हो म्हणतात.

दोन ठिकाणी गाडी अडली आणि दोन्ही ठिकाणी शब्द एकदम सोपे होते.

पहिला शब्द पालक. इंग्रजीत पेरेंट आणि लोकल गार्डियन अशी दोन वेगळी माणसं आहेत. पेरेंट म्हणजे आईवडील, आणि लोकल गार्डियन म्हणजे हॉस्टेलच्या जवळपास राहणारं, आईवडिलांनी फॉर्मवर नाव दिलेलं माणूस, जे अडीअडचणीला येऊन मुलीला नेऊ शकतं. मी लिहिलं होतं पालक आणि स्थानिक पालक. मावशी म्हणाल्या, “आम्ही कुर्टीला राहतो, म्हणजे आम्ही स्थानिक पालक ना? मग तो दुसरा रकाना कशाला भरायचा?” बरोबर आहे त्यांचं, फोंड्यातलाच पालक स्वतःला स्थानिक पालक समजणारच. आणि उलटं पण होतं, केरीचे आईवडील वाचतील की पालकाची सही हवी, मग फोंड्यातल्या मामाची सही चालेल, तो पण पालकच. रात्रीच्या रजेला मामाची सही चालत नाही, आईवडिलांचीच लागते. म्हणजे एका शब्दावरून अख्खं कलम ७ उलटं वाचलं जातं.

आता असं केलं: पालक हा शब्दच काढला. ‘आई-वडील’ आणि ‘लोकल गार्डियन’. लोकल गार्डियन देवनागरीत तसंच, मुली तेच म्हणतात, गेटवाला तेच म्हणतो, आणि पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ समजावून. ज्या मुलींना आईवडील नाहीत, आजीने वाढवलंय वगैरे, त्यांच्यासाठी सुरुवातीलाच ‘आई-वडील म्हणजे प्रवेश अर्जावर पहिल्या रकान्यात ज्यांचे नाव व सही आहे ती व्यक्ती’ हे टाकलं. जरा वकिली वाटतं पण गरजेचं आहे.

दुसरा शब्द भाऊ. भेटायला कोण येऊ शकतं तर आई, वडील, भाऊ, बहीण. मावशींनी वाचलं आणि म्हणाल्या म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा तिला भेटायला गेला तर चालेल. आपल्याकडे मावसभाऊ हा भाऊच, गेटच्या रजिस्टरमध्ये पण ‘नाते’ च्या रकान्यात तो भाऊ असंच लिहिणार आणि खोटं बोलणार नाही. मेट्रनना विचारलं तर त्या म्हणाल्या हेच तर रोजचं दुखणं, गेटवाला आडनाव बघतो, वेगळं दिसलं की अडवतो, मग रडारड. तर ‘सख्खा भाऊ, सख्खी बहीण’ लिहिलं आणि पुढे ‘चुलत, मामे, आते, मावस भावंडांना आई-वडिलांनी नाव कळवले असेल तरच भेटता येईल’. ही पुढची ओळ इंग्रजीत नाही, पण मेट्रन म्हणतात प्रत्यक्षात असंच चालतं. मॅडमना विचारल्याशिवाय ठेवणार नाही, पिवळा रंग देऊन ठेवलाय.

१६ जून, सोमवार

आजचा सगळा दिवस ‘पर्यंत’ मध्ये गेला. खरंच.

कलम ८ चा अर्थ असा की वीकेंडची रजा शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत मिळते आणि मुलीने साडेसातला हजर व्हायचं. इंग्रजीत ही दोन वेगळी वाक्यं आहेत, पहिल्यात ‘अप टू संडे’, दुसऱ्यात नुसतं साडेसात, वार नाही. मी सरळ केलं, ‘रजा शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत मिळेल. मुलीने संध्याकाळी ७.३० पर्यंत परत यावे.’ वाचायला छान, कुठे अडखळत नाही.

मग हे घेऊन आमच्या शेजारच्या काकांकडे गेले. ते कदंबामध्ये कंडक्टर आहेत, मुलगी बारावी झालीय, म्हणजे अगदी ज्यांच्यासाठी हा कागद आहे तेच. काकांनी वाचलं आणि म्हणाले सोमवारी सकाळी थेट कॉलेजला पाठवली की झालं. मी म्हटलं रविवारपर्यंत लिहिलंय ना. तर म्हणाले, “आयतारमेरेन म्हळ्यार आयतार धरून न्हय गे? सोमारा ड्युटी.” रविवारपर्यंत म्हणजे रविवार धरूनच ना, ड्युटी सोमवारी.

आणि ते चुकीचं काही बोलत नव्हते. नोकरीच्या रजेत १० ते १२ तारखेपर्यंत रजा म्हणजे १२ तारीख रजेत धरलेली, कामावर हजर १३ ला. ज्या माणसाने वीस वर्षं असे अर्ज भरले त्याच्यासाठी रविवारपर्यंत रजा म्हणजे रविवार अख्खा आपला. हॉस्टेलच्या हिशोबात मात्र रविवार रात्र हॉस्टेलची. मग साडेसात हे कुठल्या दिवसाचं? काका म्हणाले ते सोमवारचं असेल, किंवा सकाळचं. मी संध्याकाळी लिहिलं होतं तरी. माणूस एकदा वार ठरवून बसला की पुढचं वाक्य त्याच्या मापाने कापून घेतो.

‘रजा’ शब्द मीच निवडला होता आणि नोकरीचा हिशोब त्याच्या मागोमाग आला, हे ११ तारखेला डोक्यात आलं नव्हतं.

मेट्रनना फोन केला की असं कधी झालंय का. गेल्या वर्षीच झालेलं. वाळपईकडची मुलगी, शुक्रवारी गेली, रविवारी रात्री आली नाही, नऊ वाजता हजेरीत गैरहजर. वडिलांचा फोन लागेना, आईकडे फोन नाही, लोकल गार्डियन म्हणतात आमच्याकडे नाही आली. रात्री अकरा वाजता गावातल्या कुणाच्या तरी फोनवर लागलं तर मुलगी घरी झोपलेली. सोमवारी वडिलांना बोलावून लेखी घेतलं, आणि ते सारखं एकच म्हणत होते की कागदात रविवारपर्यंत लिहिलंय. मेट्रन म्हणाल्या आम्हाला वाटलं बहाणा करतात.

रात्री बसून तीन-चार प्रकारे लिहून बघितलं. ‘रविवारच्या संध्याकाळपर्यंत’, तरी संध्याकाळ धरून की कसं ते आहेच. ‘रविवार वगळून’ तर साफ चूक, दिवसभर मुलगी घरी असते. शेवटी लक्षात आलं की रजा कधी संपते हे सांगायचंच नाही. रात्री मोजायच्या आणि परत कधी यायचं ते सांगायचं. रात्र अर्धी होत नाही, ती घरी झोपली की हॉस्टेलला झोपली एवढंच.

१७ जून, मंगळवार

नवीन कलम ८ असं:

‘शनिवार-रविवारसाठी घरी जायचे असल्यास मुलगी शुक्रवारी संध्याकाळी ५ नंतर निघू शकते. शुक्रवारची आणि शनिवारची अशा दोनच रात्री तिला घरी राहता येईल. रविवारी संध्याकाळी साडेसातच्या आत तिने हॉस्टेलच्या गेटवर येऊन रजिस्टरमध्ये सही करावी. रविवारची रात्र हॉस्टेलमध्येच.’

शेवटचं वाक्य क्रियापद नसलेलं, मुद्दाम ठेवलंय, आधीच सांगितलेलं परत सांगतं पण असू दे. काकांना परत दाखवलं. वाचून म्हणाले, “म्हणजे रविवारी जेवून चारची बस पकडायला पाहिजे.” बस कुठली ते ते स्वतःहून काढायला लागले, म्हणजे कळलं.

१८ जून, बुधवार

वॉर्डन मॅडमसोबत दीड तास. पिवळं केलेलं सगळं घेऊन गेले. अनुवाद करणाऱ्याने नियम ठरवायचा नसतो हे मला पक्कं माहीत आहे, पण नियम जिथे इंग्रजीतच अर्धवट आहे तिथे मराठीत तो झाकता पण येत नाही, विचारायलाच लागतं.

चुलत-मावस भावंडांची ओळ मॅडमनी मान्य केली. भेटीची वेळ रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला सकाळी १० ते साडेबारा आणि दुपारी ४ ते ६, त्यात दोन प्रश्न होते. एक, सहा म्हणजे सहाला आत आलेलं चालेल की सहाला बाहेर. मॅडम म्हणाल्या बाहेर, अर्थात. मग ‘सहा वाजता भेट संपेल, साडेपाचनंतर गेटवर नवीन नोंद होणार नाही’ असं झालं. दोन, सार्वजनिक सुट्टी कुठली. दोडामार्गच्या माणसाकडे महाराष्ट्राचं कॅलेंडर. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त म्हणून इकडे सुट्टी, १९ डिसेंबरला मुक्ती दिन म्हणून सुट्टी, तिकडे दोन्ही नाहीत. आणि तिकडची सुट्टी बघून कोणी आलं तर ते त्यांच्या हिशोबाने आलं. ‘गोवा सरकारने जाहीर केलेली सुट्टी’ लिहिलं.

खरा गोंधळ निघाला तो ४८ तासांत. कलम ७, अर्ज निघण्याच्या किमान ४८ तास आधी द्यायचा. मी ‘४८ तास आधी’ असंच ठेवलं होतं, यात भाषांतर करण्यासारखं काही नाही असं वाटून. पण काकांना विचारलेलं, की शनिवारी सकाळी ८ ला निघायचं तर अर्ज कधी, आणि ते म्हणाले दोन दिवस आधी, म्हणजे गुरुवारी. मोजून बघा, शनिवार ८ च्या ४८ तास आधी म्हणजे गुरुवार सकाळी ८. ऑफिस उघडतं साडेनऊला. म्हणजे गुरुवारी दिलेला अर्ज नियमाने उशिराचाच, खरं तर बुधवारी द्यायला हवा. आणि शुक्रवारी ५ ला निघणारीचा बुधवारी ५ च्या आत, पण ऑफिसात अर्ज घेतात ४ पर्यंतच. दोन्हीकडून बुधवार दुपारी ४ च येतं! मॅडमनी स्वतः कागदावर मोजलं आणि म्हणाल्या अहो मी तर गुरुवारचे पण घेते आणि कधी कधी नाही घेत. तेच, कधी कधी. आता ठरलं: ‘शुक्रवारी किंवा शनिवारी निघायचे असल्यास अर्ज त्या आठवड्याच्या बुधवारी दुपारी ४ च्या आत ऑफिसात द्यावा.’ इंग्रजीत पण तसंच बदलणार आहेत. ‘४८ तास’ दोन्हीकडून गेला.

बाहेर पडताना चहा झाला आणि मॅडम म्हणाल्या, बाई, तुम्ही मराठी करायला आलात आणि माझं इंग्रजी तपासून गेलात. रागावल्या नव्हत्या बहुतेक.

२० जून, शुक्रवार

कलम ९. इंग्रजीत ‘अनलेस’ वालं वाक्य. माझं पहिलं मराठी खाली देते, लाज वाटली तरी:

‘जोपर्यंत आई-वडिलांनी वॉर्डनना लेखी कळवलेले नाही व त्याची पोच मिळालेली नाही तोपर्यंत कोणत्याही मुलीस रात्री बाहेर राहण्याची परवानगी दिली जाणार नाही.’

एका वाक्यात तीन नाही. मावशींनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या एकूण नाहीच म्हणतात ना. म्हणजे रात्री बाहेर राहताच येत नाही असं त्यांनी घेतलं. जोपर्यंत-तोपर्यंत हे तोंडी बोलताना आपण वापरतो पण त्यात नाही आला की माणूस मध्येच हरवतो. उलटं करून जे करायचं ते आधी, क्रमाने लिहिलं.

पण तेवढ्यात ‘पोच’ वर अडले. पोच म्हणजे कागद पोचला एवढंच, मंजूर झाला असं नाही. आणि आता तर सगळं व्हॉट्सॲपवर. दोन निळ्या टिका आल्या की आई म्हणणार मॅडमनी बघितलं, नाही म्हणाल्या नाहीत, म्हणजे चालतंय. मॅडमना मेसेज करून विचारलं, वाचलं म्हणजे परवानगी का. उत्तर आलं, मुळीच नाही, मी हो लिहिल्याशिवाय काही नाही. लेखी म्हणजे काय ते पण विचारून घेतलं, व्हॉट्सॲप चालेल पण फॉर्मवर दिलेल्या नंबरवरूनच. मग झालं ते असं:

‘मुलीला रात्री बाहेर राहायचे असेल तर आई-वडिलांनी वॉर्डनना चिठ्ठीने, किंवा प्रवेश अर्जावर दिलेल्या फोन नंबरवरून मेसेज करून कळवावे. कुठे राहणार, कोणाकडे, किती रात्री, हे त्यात असावे. वॉर्डनकडून “परवानगी आहे” असे उत्तर आल्यावरच मुलीने निघावे. मेसेज वाचला गेला म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. उत्तर आले नाही तर परवानगी नाही असे समजावे.’

एका वाक्याची पाच झाली. मॅडम म्हणतील लांबलं. लांबू दे, पान उरलंय.

‘महिन्यात दोन वेळा रजा घेऊ शकते’ हे पण बदललं आज. ‘शकते’ वाचलं की हक्काच्या दोन असं वाटतं, आणि घेतली नाही तर पुढच्या महिन्यात चार. आता ‘महिन्यात जास्तीत जास्त दोन वेळा, प्रत्येक वेळी नवा अर्ज, न घेतलेली रजा पुढे जमा होणार नाही’. जमा होणे, परत नोकरीचाच शब्द, पण यावेळी त्याच हिशोबाचा फायदा घेतला.

२३ जून, सोमवार

डीटीपीवाल्याकडे फाईल दिलेली, प्रूफ आलं. त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये उतरवताना ‘येणाऱ्या’ चं ‘येणार्या’ झालंय सगळीकडे, ऱ्य तुटलाय. दुरुस्त करायला सांगितलं, फॉन्ट बदलून परत येईल.

आकड्यांचा घोळ मात्र मला आधी सुचायला हवा होता. प्रूफची झेरॉक्स काढून मेट्रनच्या टेबलावर ठेवली, तिथे एक सिनियर मुलगी आली आणि वाचते काय तर दुपारी आठ ते सहा. देवनागरी ४ तिला इंग्रजी आठ दिसला. मराठी प्राथमिक शाळेनंतर पुढे सगळं इंग्रजीत झालेल्या मुलांचं असं होतं. आणि झेरॉक्स जरा फिकट निघाली की १ आणि ९ ओळखू येत नाहीत, शेपटीचाच काय तो फरक. वेळेच्या कागदावर हे परवडणारं नाही. म्हणून वेळा अक्षरात, ‘सकाळी दहा ते दुपारी साडेबारा’, ‘दुपारी चार ते संध्याकाळी सहा’. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत, कारण ते बघून डायल करायचे असतात. कलमांचे नंबर देवनागरीत राहिले, चुकले तरी कोणाचं काही बिघडत नाही.

उद्या सांजांवचं फेस्त, मेट्रन म्हणत होत्या विहिरीत उड्या मारायला जायच्या रजेचे चार अर्ज आलेत आणि कारण लिहिलंय ‘घरगुती कार्यक्रम’.

२५ जून, बुधवार

शेवटची ओळ. ऑफिसातून सांगून आलं की खाली टाका, ‘मराठी व इंग्रजी मजकुरात फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’. मी फोन केला. म्हटलं, सही मराठी कागदावर घेणार आणि भांडण झालं की सांगणार तुम्ही सही केली तो कागद खरा नाही, हे मला पटत नाही. मॅडम म्हणाल्या ही ओळ सगळीकडे असते. असते, खरं आहे. बराच वेळ बोलून मधला मार्ग निघाला, दोन्ही कागद पाठपोट एकाच पानावर छापायचे, कलमांचे नंबर दोन्ही बाजूंना तेच, आणि खाली ‘काही शंका असल्यास सही करण्याआधी ऑफिसात विचारावे’. ग्राह्यवाली ओळ इंग्रजीच्या बाजूला राहिली, ती काढायला त्या तयार नाहीत. माझ्या हातात एवढंच होतं.

५ जुलै, शनिवार

ॲडमिशनला जाऊन बसले होते, मुसळधार पाऊस, छत्र्यांचा ढीग. आईवडील वाचत होते, खरंच वाचत होते, एक आजोबा तर बोट फिरवत. सगळ्यात जास्त प्रश्न लोकल गार्डियनवर, कोणाचं नाव द्यावं यावर नवरा-बायकोत तिथेच चर्चा, तुझा भाऊ की माझी बहीण. रविवारवर एकानेच विचारलं, बस बंद पडली तर काय. त्याचं उत्तर कागदात नव्हतं, इंग्रजीतही नाही. लिहून घेतलं.

१ सप्टेंबर, सोमवार

गणपतीची म्हणजे चवथीची रजा झाली, २७ ऑगस्टला चवथ होती, मुली काल रविवारी परतायच्या होत्या. मेट्रनचा सकाळी फोन. साडेसातला आठ मुली यायच्या बाकी, त्यातल्या सहांच्या घरून आधीच मेसेज आलेला की बस भरून जातायत, उशीर होईल. सोमवारी येणार असं समजून घरी राहिलेली एकही नाही. उरलेल्या दोघी आठला पोचल्या, हातात नेवऱ्यांचे डबे.

पण नवीन एक निघालं. पेडण्याची एक आई सहाव्या दिवशी रागावून आली की गौरीला मुलगी घरी हवी होती आणि तुम्ही दोनच रात्री म्हणता. म्हणजे तिने कलम ८ चवथीला पण लावलं, मुलीला दोनच रात्री ठेवून २८ ला परत पाठवलं, आणि हॉस्टेलमध्ये ती आणि वॉचमन दोघंच. कलम १० मध्ये सणाच्या मोठ्या रजेचं वेगळं आहे, पण ते मराठीत केलंच नव्हतं, ४ ते ९ एवढंच सांगितलेलं. कलम ८ च्या वर ‘फक्त शनिवार-रविवारसाठी’ अशी एक ओळ आज पाठवली, आणि कलम १० दिवाळीच्या आधी करून द्यायचं ठरलं. नरकासुराच्या रात्रीचं त्यात काय लिहायचं ते मॅडम कळवणार आहेत.